होळीचा निबंध: आधी मुलाला बोलू द्या

«ताई, माझा मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यम. ‘माझा आवडता सण’ या विषयावर पंचवीस ओळींचा निबंध होता. त्याने माझ्या मोबाईलवर एआयकडून होळीचा निबंध लिहून घेतला आणि जसाच्या तसा वहीत उतरवला. बाईंनी शेरा मारला, ‘हे तुझे नाही. स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिही.’ मी अवघड शब्द काढून सोपे घातले, तरी तो त्याचा वाटत नाही. आम्ही सिडकोत राहतो, पण रंगपंचमीला दरवर्षी पंचवटीत शनी चौकाजवळ माझ्या भावाकडे जातो. मी त्याला रहाडीत, म्हणजे चौकातल्या रंगाच्या दगडी हौदात, उतरू देत नाही, तो गच्चीतून बघतो. ‘मग मी लिहू काय?’ म्हणतो. फार खोदून विचारलं तर एवढंच म्हणाला, ‘मामाचे कान आठवडाभर गुलाबी होते.’ सोमवारी वही द्यायची आहे. निबंध सोबत पाठवते. काय करू?»
— एक आई, नाशिक

मामाच्या कानांपासूनच सुरुवात करा, ताई. तुम्ही पाठवलेल्या अख्ख्या निबंधात त्या एका वाक्याच्या तोडीचं काही नाही. त्यात एक माणूस आहे, एक रंग आहे, आणि तो रंग धुऊन जात नाही हे मुलाने स्वतः पाहिलेलं आहे. बाईंना हवं आहे ते हेच.

तुमची दुरुस्ती का लागू पडली नाही, ते आधी सांगते. तुम्ही ‘वृद्धिंगत होतो’ काढून ‘वाढतो’ केलं, ‘स्वादिष्ट पदार्थ बनवले जातात’चं ‘छान पदार्थ करतात’ केलं. वाक्य सोपं झालं, पण त्यातला मजकूर तोच राहिला. ‘या सणामुळे समाजात एकोपा वाढतो’ हे वाक्य सोलापूरच्या मुलाच्या वहीत चालेल, नागपूरच्या मुलीच्या वहीत चालेल, आणि होळीच्या जागी दिवाळी घातली तरीही चालेल. जे वाक्य कुणाच्याही वहीत चालतं, ते तुमच्या मुलाचं कसं होईल? म्हणून शब्द बदलण्याचं काम शेवटी करायचं. आधी मजकूर बदलायचा.

त्यासाठी छापून घेतलेला निबंध आणि पेन्सिल घेऊन मुलाच्या शेजारी बसा. प्रत्येक वाक्य त्यालाच मोठ्याने वाचू द्या आणि दर वाक्याला एकच प्रश्न विचारा, ‘हे तू कुठे पाहिलंस?’ पाहिलं असेल तर समोर ‘प’ लिहायचा. पाहिलं नाही, पण आजीकडून, मामाकडून किंवा शाळेत ऐकलं असेल तर ‘ऐ’. दोन्ही नसेल तर त्या वाक्यावर आडवी रेघ. रागावून काही म्हणू नका, हिशेब तपासावा तसं शांतपणे करा.

मी तुमच्याकडून आलेला निबंध असाच वाचला. ‘भारत हा सणांचा देश आहे’ यावर रेघ, कारण सातवीतल्या मुलाने देश पाहिलेला नसतो, गल्ली पाहिलेली असते. प्रल्हाद आणि होलिकेच्या गोष्टीला ‘ऐ’ मिळेल. ‘घरोघरी गुजिया आणि थंडाई बनवली जाते’ यावर रेघ. तुमच्या घरी होळीला पुरणपोळी होते ना? नैवेद्यही तिचाच असतो. गुजिया आणि थंडाई उत्तरेकडची. आणि एका वाक्यापाशी मी थांबले: ‘दुसऱ्या दिवशी धूलिवंदनाला सर्वजण एकमेकांना रंग लावतात, मीही मित्रांसोबत पिचकारीने मनसोक्त रंग खेळतो.’

हे वाक्य नुसतं गुळगुळीत नाही, तुमच्या मुलासाठी ते चुकीचं आहे. नाशिकमध्ये जुन्या रिवाजाप्रमाणे रंगाचा मोठा दिवस धुळवडीचा नाही, रंगपंचमीचा आहे. फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते, दुसऱ्या दिवशी धुळवडीला जुन्या नाशकातून आणि पंचवटीतून वीरांच्या मिरवणुका निघतात, आणि फाल्गुन वद्य पंचमीला रहाडी उघडतात. तुमचं कुटुंबही सिडकोतून पंचवटीत जातं ते पंचमीलाच. म्हणजे ज्याने लहानपणापासून रंगपंचमीला गच्चीतून रहाड पाहिली, त्याच मुलाच्या वहीत धुळवडीला पिचकारी आली. बाई नाशिकच्या असतील तर त्यांना हे पहिल्याच वाचनात दिसलं असणार.

असं का होतं, हेही मुलाला साध्या शब्दांत सांगा. होळीवर आजवर जे भरपूर लिहिलं गेलं, त्यात जे वारंवार येतं तेच ते यंत्र जुळवून देतं. बहुतेक ठिकाणी रंग धुळवडीला खेळतात, म्हणून ते धुळवड लिहितं. शनी चौकाजवळच्या गच्चीत उभं राहून काय दिसलं, ते कुणी कुठे लिहिलेलंच नाही, म्हणून ते त्याच्याकडे नाही. काही पालक अशा वेळी ‘नाशिकची रहाड घालून लिही’ असं पुन्हा मोबाईलला सांगतात. कृपा करून ते करू नका. मग रहाडीचा इतिहास येईल, पेशवेकाळ येईल, पण ती माहिती असेल, मुलाचं पाहणं नसेल. शिवाय त्यात एखादी चूक मिसळली, तर ती ओळखायला तुम्हाला जुने नाशिककरच गाठावे लागतील.

आता ‘मग मी लिहू काय?’ या त्याच्या प्रश्नाकडे येते. त्याचा समज असा झाला आहे की रहाडीत उडी मारली असती तर लिहिण्यासारखं काही असतं. खरं तर निबंध लिहायला गच्ची फार चांगली जागा आहे. जो रहाडीत असतो त्याच्या नाकातोंडात पाणी असतं. गच्चीत उभ्या मुलाला वरून अख्खा चौक दिसतो. म्हणून त्याला रहाडीत उतरल्याचं खोटं लिहू देऊ नका, आणि उतरलो नाही हे लपवूही देऊ नका. ‘आई मला रहाडीत उतरू देत नाही’ हे निबंधाचं पहिलं वाक्यसुद्धा होऊ शकतं. वाचणाऱ्याला लगेच कळेल की हा मुलगा खरं बोलतोय.

त्याला बोलतं करताना ‘तुला हा सण का आवडतो?’ असं विचारू नका. या प्रश्नाला मुलं तयार उत्तर देतात: खूप मजा येते, सगळे एकत्र येतात. तिथून तुम्ही पुन्हा एकोप्यावर येऊन पोचाल. प्रश्न असे विचारा, ज्यांना बघितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. गच्चीत तू कुठल्या कोपऱ्यात उभा होतास? तुझ्या शेजारी कोण होतं? रहाड उघडण्याआधी त्या जागेवर काय होतं? आदल्या दिवशी ती माणसं काय करत होती? पहिली उडी कुणी मारली, आणि त्याआधी काय झालं? उडी मारली की आधी आवाज आला की आधी पाणी उडालं? पाणी कुठवर आलं? वास कसला होता? मामा घरी आला तेव्हा मामी काय म्हणाली? कान सोडून अजून कुठे रंग राहिला होता? तुझ्या अंगावर एकही थेंब आला नाही का?

प्रश्न विचारून गप्प बसा. मुलं पहिल्यांदा एका शब्दात उत्तर देतात, त्यानंतर थोडा वेळ जातो आणि मग खरं काहीतरी येतं. आईला ती शांतता सहन होत नाही आणि ती स्वतःच उत्तर सुचवते, तिथे सगळं बिघडतं. मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे हातात पेन धरून तो अवघडणार नाही. नंतर दोघांनी मिळून ते ऐका आणि त्याने म्हटलेलं त्याच्याच शब्दांत कच्च्या कागदावर उतरवा. या टप्प्यावर तुमचा एकही शब्द त्यात नको.

रहाडीबद्दलच्या ज्या गोष्टी त्याने पाहिल्या नाहीत, त्या मामाला विचारायला लावा. फोनही पुरेल. शनी चौकातल्या रहाडीचा रंग गुलाबी असतो आणि तिवंधा चौकातल्या रहाडीचा पिवळा, प्रत्येक रहाडीचा आपला रंग ठरलेला, हे मामाला माहीत असणारच. वर्षभर रहाड लाकडी फळ्यांनी आणि मातीने बंद असते आणि वरून लोक, गाड्या जातात, तेही तो सांगेल. फुलं उकळून रंग कसा करतात, पूजा कोण करतं, उडी मारायचा मान कुणाचा, हे त्याला मुलानेच विचारावं, तुम्ही नाही. हे सगळं निबंधात आलं तर ‘मामाने सांगितले’ असं स्पष्ट लिहू द्या. रहाडी पेशव्यांच्या काळापासून आहेत हे आपल्याकडे सगळे सांगतात, पण मुलाने ते पाहिलेलं नाही. म्हणून ‘रहाड पेशव्यांच्या काळातली आहे असे मामा म्हणतो’ हे त्याच्यासाठी प्रामाणिक वाक्य झालं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायची सवय सातवीत लागली तर इतिहासाच्या पेपरातही उपयोगी पडेल.

तुम्हाला वाटेल, ताईंनी सरळ रहाडीचा एक नमुना निबंध लिहून द्यावा. तो मी देणार नाही, कारण मग तो माझा निबंध होईल आणि आपण होतो तिथेच येऊ. पण हे काम प्रत्यक्षात कसं होतं, ते दुसऱ्या एका निबंधावरून दाखवते. माझ्याकडे मराठीसाठी येणारी सहावीतली एक मुलगी असाच मोबाईलचा निबंध घेऊन आली होती. तिच्या घरी धुळवडीला वीर निघतो. तिच्या कागदावर होतं:

‘धूलिवंदनाच्या दिवशी नाशिकमध्ये वीरांची पारंपरिक मिरवणूक काढली जाते. ही परंपरा अत्यंत प्राचीन असून ती आपल्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचे प्रतीक आहे. लहान मुले विविध देवदेवतांच्या वेशभूषा परिधान करून उत्साहाने सहभागी होतात. या मिरवणुकीमुळे वातावरण भक्तिमय आणि आनंदमय होते.’

यात खोटं काही नाही. पण हे वाचून डोळ्यांपुढे एकही मूल उभं राहत नाही. मी तिला विचारलं, ‘तुमच्या घरचा वीर कोण झाला होता?’ ती म्हणाली, माझा भाऊ. पुढे तिचं बोलणं मी उतरवून घेतलं ते असं:

‘तो चार वर्षांचा आहे. त्याला कृष्ण केलं होतं. आईने काजळाने मिशी काढली, मग आजी म्हणाली कृष्णाला मिशी नसते, मग ती पुसली, तर सगळं तोंड काळं झालं. मग बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं. आजीने देव्हाऱ्यातला वीराचा टाक लाल कपड्यात घेतला, मला हात लावू दिला नाही. आम्ही चालत रामकुंडावर गेलो. खूप वाजत होतं. तो तिथे पोचायच्या आधीच झोपला. एवढं वाजत होतं तरी झोपला. आजीने टाकाला गंगेत अंघोळ घातली तेव्हा तो झोपलेलाच होता. मग वीर कोण झालं, असं मी विचारलं तर आजी म्हणाली वीर तर टाकात असतो.’

बघा, तिने एका दमात काय काय दिलं. देवदेवतांच्या वेशभूषेच्या जागी कृष्णाची पुसलेली मिशी आली. भक्तिमय वातावरणाच्या जागी वाद्यांच्या आवाजात झोपलेला भाऊ आला. आणि परंपरेचा अर्थ, जो मूळ कागदात ‘सांस्कृतिक वारशाचे प्रतीक’ अशा तीन जड शब्दांत होता, तो आजीच्या एका उत्तरात आला: वीर टाकात असतो. हा विचार यंत्राच्या परिच्छेदात नव्हताच. तो घरातच होता, कुणी विचारला नव्हता.

यातून तिने वहीत जो परिच्छेद लिहिला, तो हा:

‘धुळवडीला आमच्या घरचा वीर निघतो. या वर्षी माझ्या चार वर्षांच्या भावाला कृष्ण केले होते. आईने त्याला काजळाची मिशी काढली. आजी म्हणाली, “कृष्णाला मिशी नसते.” मिशी पुसताना त्याचे सगळे तोंड काळे झाले. आजीने देव्हाऱ्यातला वीराचा टाक लाल कपड्यात घेतला आणि आम्ही चालत रामकुंडावर गेलो. वाद्ये खूप जोरात वाजत होती, तरी माझा भाऊ बाबांच्या खांद्यावर झोपून गेला. आजीने टाकाला गंगेत अंघोळ घातली. मी विचारले, “हा तर झोपला, मग वीर कोण?” आजी म्हणाली, “वीर टाकात असतो.”’

मी तिच्या बोलण्यात किती कमी बदल केला ते पाहा. ‘मग, मग’ कमी केलं. ‘केलं, झालं’चं ‘केले, झाले’ केलं, कारण शाळेच्या वहीत बाकीचं लेखन त्या रूपात असतं. माणसं जे बोलली ते अवतरणात ठेवलं. ‘खूप वाजत होतं’ यात काय वाजत होतं ते कळत नव्हतं, म्हणून तिला विचारलं. तिला वाद्याचं नाव माहीत नव्हतं, तेव्हा नुसतं ‘वाद्ये’ ठेवलं. संबळ किंवा हलगी असं मी माझ्या मनाने घातलं नाही. तिला नाव कळेल तेव्हा ती लिहील. गोदावरीला नाशिकची मुलगी गंगा म्हणते, तेही तसंच ठेवलं. बाईंना ते कळतं.

तुमच्या मुलाच्या निबंधातही शब्द सोपे करण्याचं काम याच पायरीवर येईल, आणि तोवर ते फारसं उरलेलं नसेल. बोललेल्या वाक्यात अवघड शब्द मुळात येतच नाहीत. तरी जुन्या निबंधाची भाषा त्याच्या डोक्यात बसली असेल तर ती मधूनच डोकावेल. ती कशी ओळखायची? एक खूण म्हणजे ‘केले जाते, काढली जाते, साजरा केला जातो’ ही क्रियापदं. अशा वाक्यात काम करणारा माणूस नाहीसा झालेला असतो. लगेच विचारा, ‘कोण करतं?’ ‘रहाडीची पूजा केली जाते’ याचं ‘सकाळी चौकातल्या लोकांनी रहाडीची पूजा केली’ झालं की वाक्य जिवंत होतं. दुसरी खूण ‘केवळ अमुक नसून तमुकचे प्रतीक आहे’ ही घडण. तिच्या खाली बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. ते वाक्य दुरुस्त करू नका, काढून टाका. तिसरी खूण म्हणजे भावनांची नुसती नावं: उत्साह, आनंद, चैतन्य. मुलाने ‘लोक आनंदाने नाचत होते’ लिहिलं तर विचारा, आनंद झाला हे तुला गच्चीतून कसं कळलं? तो म्हणेल, ते ओरडत होते, किंवा एक माणूस बाहेर आला आणि परत उडी मारायला रांगेत गेला. तेवढंच लिहायचं, ‘आनंद’ हा शब्द लिहायची गरज उरत नाही.

एका बाबतीत मात्र जपा. सोपं करायच्या नादात त्याचे खास शब्द काढू नका. रहाड, धप्पा, टाक, वीर, धुळवड हे शब्द नाशिकबाहेरच्या वाचणाऱ्याला अवघड असतील, पण तुमच्या मुलाला ते रोजचे आहेत. ‘लोक हौदात उड्या मारतात’ यापेक्षा ‘लोक रहाडीत धप्पा मारतात’ हे त्याच्यासाठी जास्त सोपं आहे. वाटलं तर एकदा सांगून टाकावं, ‘रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद’, आणि पुढे रहाडच म्हणावं. सोपं म्हणजे लिहिणाऱ्या मुलाच्या तोंडात असलेलं.

निबंधाची सुरुवात आणि शेवट याबद्दल पालक फार काळजी करतात, म्हणून थोडं सांगते. प्रस्तावना हवीच म्हणून ‘भारत हा सणांचा देश’ लिहावं लागत नाही. ‘माझा आवडता सण रंगपंचमी. आम्ही सिडकोत राहतो, पण रंगपंचमीला शनी चौकाजवळ मामाकडे जातो’ एवढ्याने सण, जागा आणि माणसं तिन्ही येतात. हो, सणाचं नावही बदला. त्याचा आवडता सण रंगपंचमी असेल तर होळी कशाला? होळीबद्दल दोन ओळी येऊ शकतात, पुरणपोळी आणि गल्लीतली बोंब यांच्यापुरत्या, त्याने त्या केल्या असतील तर. शेवटी ‘असा हा सण मला खूप आवडतो’ असं लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसेल तर लिहू द्या, त्यावर भांडू नका. पण मामाच्या कानांना शेवटी जागा मिळते का ते पाहा. रंगपंचमीनंतरच्या दिवसांत घरात काय होतं, हे सांगायला ती चांगली जागा आहे. अंगण धुतलं का, कपडे कुणी भिजवले, मामा तसाच कामावर गेला का, लोक काय म्हणाले?

पंचवीस ओळी भरतील का, अशी शंका तुमच्या मनात येईल. त्याने वरच्या प्रश्नांपैकी निम्म्यांची खरी उत्तरं दिली तर ओळी जास्तच होतील आणि काही काढाव्या लागतील. काढताना ऐकलेलं आधी काढा, पाहिलेलं ठेवा. पेशव्यांचं वाक्य गेलं तरी चालेल, मामी काय म्हणाली ते जाऊ देऊ नका. आणि ओळी कमी पडल्याच तर माहिती भरू नका, अजून एक प्रश्न विचारा. बहुतेक वेळा एखादं माणूस राहून गेलेलं असतं. गच्चीत आजी होती का? शेजारची मुलं खाली होती आणि हा वर, तेव्हा त्याला काय वाटलं? हा प्रश्न जरा नाजूक आहे, कारण उत्तरात तुमच्यावरचा राग येऊ शकतो. येऊ द्या, आणि त्याला तो निबंधात लिहावासा वाटला तर तेही लिहू द्या.

कच्चा मजकूर तयार झाला की तो पुन्हा मोबाईलला ‘सुधारून दे’ म्हणून देऊ नका. कष्टाने आणलेली मिशी तिथे पुन्हा ‘पारंपरिक वेशभूषा’ होते, मी हे मुलांच्या वह्यांत पाहिलं आहे. शुद्धलेखन तुम्ही बघा. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं एवढंच. वाक्य थोडं ओबडधोबड असलं, एखादी गोष्ट पुढे-मागे झाली, तरी तसंच राहू द्या. सातवीतला मुलगा तसंच लिहितो आणि बाईंना त्याचं बोलणं वर्गात रोज ऐकू येतं. तुम्ही गुळगुळीत केलेलं वाक्य त्यांना तितक्याच लवकर ओळखू येईल जितकं यंत्राचं आलं.

एक तपासणी मात्र शेवटी करा. निबंध त्याला मोठ्याने वाचायला सांगा, कागदाकडे न बघता जमेल तितका. जिथे तो अडखळेल, जिथे त्याचा आवाज एकदम पाठांतराचा होईल, ते वाक्य त्याचं नाही. तिथे थांबून विचारा, ‘हे तू मामाला फोनवर कसं सांगशील?’ आणि तो जे म्हणेल ते लिहा. दोनदा असं केलं की निबंध पुरा होतो.

बोलणं आणि उतरवून घेणं शनिवारी करा, लिहिणं रविवारी सकाळी. एकाच बैठकीत दोन्ही केलं तर तो कंटाळून पुन्हा तयार वाक्यांकडे वळेल. मामाला फोन शनिवारी रात्री, म्हणजे रविवारी त्यातलं काही घालता येईल. आणि सोमवारी वही देताना त्याने बाईंना सरळ सांगावं, ‘पहिला निबंध मोबाईलवरून घेतला होता, हा मी लिहिलाय.’ शेरा बाईंनी त्याच्या वहीत मारला आहे, तेव्हा उत्तरही त्यानेच द्यायला हवं. तुम्ही चिठ्ठी लिहू नका.